नेट बँकिंगने आयकर भरताना: खात्यातून पैसे गेले, पण सरकारकडे पोहोचले का?

आयकराचे चलन ऑनलाइन भरायला दहा-पंधरा मिनिटे लागतात. लोकांची झोप उडते ती त्यानंतर. खात्यातून पैसे वजा झाल्याचा मेसेज येतो, पण ते आपल्या पॅनवर, योग्य वर्षात जमा झाले की नाही हे कुठे बघायचे ते ठाऊक नसते. कुणीतरी सांगते, "२६एएस बघा." त्या कर-विवरणात बघावे तर काहीच दिसत नाही, आणि माणूस घाबरून दुसऱ्यांदा पैसे भरतो. म्हणून या लेखात पैसे भरण्याइतकीच जागा ते पोहोचल्याची खात्री कशी करायची याला दिली आहे. विषय एवढाच ठेवला आहे: पगारदार, पेन्शनर किंवा छोट्या करदात्याने स्वतःचा उरलेला कर नेट बँकिंगने भरणे. टीडीएस भरणारे मालक, कंपन्या आणि जीएसटी यांचा मामला वेगळा आहे.

उदाहरणाला कोल्हापुरात राजारामपुरीत राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका घेऊ. वय ६३. आपण त्यांना काकूच म्हणू. २०२४-२५ या आर्थिक वर्षात त्यांना ७,२०,००० रुपये पेन्शन मिळाली आणि एका बँकेतल्या ठेवींवर १,६०,००० रुपये व्याज. नव्या करप्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन करपात्र उत्पन्न उरले ८,०५,०००. त्या वर्षीच्या दरांनी पहिल्या ३ लाखांवर शून्य, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्के म्हणजे २०,००० आणि वरच्या १,०५,००० वर १० टक्के म्हणजे १०,५००. झाले ३०,५००. त्यावर ४ टक्के उपकर १,२२०. एकूण ३१,७२०. ठेवीच्या व्याजातून बँकेने १० टक्क्यांनी १६,००० टीडीएस कापला होता. पेन्शनमधून काहीच कापले नव्हते, कारण नुसत्या पेन्शनवर सवलतीमुळे कर बसत नव्हता. म्हणजे १५,७२० रुपये काकूंनी स्वतः भरायचे. वय साठीच्या पुढे आणि धंद्याचे उत्पन्न नाही, त्यामुळे आगाऊ कराचे बंधन नाही आणि तो न भरल्याचे व्याजही नाही. रिटर्नची मुदत संपायच्या आत, ऑगस्ट २०२५ मध्ये, त्या भरायला बसल्या.

पैसे भरायच्या आधी हा हिशेब कागदावर पक्का असला पाहिजे. चलन तुम्ही टाकाल तो आकडा स्वीकारते. तो बरोबर आहे का हे ते विचारत नाही.

सुरुवात कुठून

ब्राउझरमध्ये पत्ता स्वतः टाइप करा:

```
https://www.incometax.gov.in
```

गुगलवर शोधून पहिल्या लिंकवर टिचकी मारू नका, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या "कर भरा" लिंकला तर हातही लावू नका. मुख्य पानावर Quick Links मध्ये e-Pay Tax दिसेल. लॉगिन न करताही पैसे भरता येतात. पॅन दोनदा टाकायचा, मोबाइल नंबर द्यायचा आणि आलेला ओटीपी भरायचा. ओटीपीनंतर पडद्यावर पॅन आणि नावाची काही अक्षरे झाकून नाव दिसते. इथे थांबून ते नाव आपलेच आहे ना हे बघा. पॅनमधले एक अक्षर चुकून दुसऱ्याचा पॅन लागला, तर पुढे पैसे त्याच्या नावावर जातात आणि पोर्टलवरच्या चलन दुरुस्तीत पॅन बदलता येत नाही.

तरीही माझे मत विचाराल तर लॉगिन करूनच भरा. लॉगिननंतर e-File मध्ये e-Pay Tax आहे, तिथे New Payment. पॅन आपोआप येतो, त्यामुळे वरचा धोका राहत नाही. आणि त्याच पानावर Payment History नावाचा कप्पा आहे, तो नंतर फार कामाला येतो.

पैसे कुणाच्या खात्यातून जातात याने फरक पडत नाही. काकूंचा मुलगा पुण्यातून त्याच्या नेट बँकिंगने भरू शकतो. जमा कुणाच्या नावावर होणार हे चलनावरचा पॅन ठरवतो.

दोन रकाने, जिथे घोळ होतो

Income Tax या चौकटीत Proceed दाबले की दोन गोष्टी निवडायच्या असतात. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा दमाने घ्या.

पहिला रकाना Assessment Year, म्हणजे कर निर्धारण वर्ष. उत्पन्न ज्या वर्षी मिळाले त्याच्या पुढचे वर्ष. काकूंचे उत्पन्न २०२४-२५ चे, म्हणून इथे २०२५-२६. डोक्यात उत्पन्नाचे वर्ष घोळत असते, त्यामुळे बोट आपसूक २०२४-२५ वर जाते. तसे झाले तर पैसे सरकारकडे पोहोचतात, पण एक वर्ष मागच्या खात्यात पडतात आणि या वर्षीच्या रिटर्नला कर न भरल्यासारखे दिसते.

नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाल्याने यात आणखी एक पीळ पडला आहे. नव्या कायद्यात कर निर्धारण वर्ष नाही, नुसते कर वर्ष आहे, आणि ते उत्पन्नाचेच वर्ष असते. म्हणजे ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाचा उरलेला कर भरायचा तर कर निर्धारण वर्ष २०२६-२७. आणि १ एप्रिल २०२६ नंतरच्या उत्पन्नाचा आगाऊ कर भरायचा तर कर वर्ष २०२६-२७. आकडे तेच, वर्षे मात्र वेगळी. नुसता आकडा बघून निवडू नका, त्याच्या आधी Assessment Year लिहिले आहे की Tax Year हे वाचा.

दुसरा रकाना Type of Payment. वर्ष संपल्यावर, रिटर्न भरण्याआधी स्वतः हिशेब करून उरलेला कर भरतो तो Self-Assessment Tax, त्याचा नंबर 300. वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरतो तो Advance Tax, नंबर 100. आयकर खात्याने नोटीस काढून मागणी केली असेल तर Regular Assessment Tax, नंबर 400. काकूंचे वर्ष मार्चमध्ये संपलेले, म्हणून 300. ऑगस्टमध्ये मागच्या वर्षासाठी 100 निवडण्यात अर्थ नाही.

रक्कम आणि बँक

पुढच्या पानावर कर, अधिभार, उपकर, व्याज, दंड असे वेगवेगळे रकाने येतात. काकूंच्या १५,७२० पैकी उपकर किती, कर किती, हे फोडत बसायची गरज नाही. टीडीएस वजा करून उरलेली रक्कम असल्याने ती नेमकी कशातली हे सांगताही येत नाही. बहुतेक जण सगळी रक्कम Tax च्या रकान्यात टाकतात आणि रिटर्नमध्ये एकूण आकडाच धरला जातो. खाली अक्षरी रक्कम येते ती एकदा मोठ्याने वाचा. १५,७२० च्या जागी १,५७,२०० असेल तर ते कानाला लगेच खटकते.

मग पैसे कसे भरणार हे विचारले जाते. Net Banking निवडल्यावर बँकांची यादी उघडते. आपल्या कोल्हापूरकरांची अडचण इथे येते. अनेकांचे रोजचे खाते सहकारी बँकेत असते आणि ती या यादीत सापडत नाही. यादीत कर गोळा करायला अधिकृत केलेल्या बँकाच आहेत. तुमचे किंवा घरातल्या कुणाचे खाते त्यातल्या एखाद्या राष्ट्रीयीकृत वा खासगी बँकेत असेल तर तेच वापरा. त्याला वेगळा आकार पडत नाही. नसेल तर दोन वाटा आहेत. एक Payment Gateway, जिथे इतर बँकांचे नेट बँकिंग, कार्ड आणि यूपीआय चालते. पण काही प्रकारांना आकार लागतो, तो पैसे देण्याआधी दाखवतात, बघून घ्या. दुसरी RTGS/NEFT. यात पोर्टल एक फॉर्म बनवून देते, तो घेऊन आपल्या बँकेच्या शाखेत जायचे. पैसे पोहोचायला वेळ लागतो, म्हणून ही वाट मुदतीच्या शेवटच्या दिवशी धरू नका.

काकूंची पेन्शन राष्ट्रीयीकृत बँकेत येते, त्यामुळे त्यांचा प्रश्न मिटला. बँक निवडली की सगळ्या तपशिलांचे Preview येते. वर्ष, प्रकार, रक्कम, पॅन. चूक सुधारायची ही शेवटची सोपी जागा. मग Pay Now, अटी मान्य आणि Submit To Bank.

आता पडदा बँकेच्या साइटवर जातो. इथे आणखी एक गोष्ट लोकांना अडवते. पुष्कळ खात्यांना नेट बँकिंगने फक्त शिल्लक बघायची सोय असते, व्यवहाराचा अधिकार घेतलेलाच नसतो. मुदतीच्या शेवटच्या दिवशी हे कळले की शाखेत धावपळ होते. आधीच्या आठवड्यात एखादा छोटा व्यवहार करून बघितला तर हे टळते. बँकेचा ओटीपी टाकून झाल्यावर पडदा आपोआप आयकराच्या पानावर परत येतो. तो येईपर्यंत मागे जाणारा बाण दाबायचा नाही, पान रिफ्रेश करायचे नाही, फोन आला तरी नंतर घ्यायचा.

पहिला पुरावा: चलनाची पावती

व्यवहार नीट झाला तर यशस्वी झाल्याचे पान येते आणि चलनाची पावती उतरवून घेता येते. ती लगेच पीडीएफमध्ये ठेवा. लॉगिन न करता भरले असेल तर हे अजिबात चुकवू नका.

पावतीवर बरेच नंबर असतात. त्यातला CRN हा चलन तयार झाल्याचा नंबर. पैसे न भरताही चलन तयार होऊ शकते, म्हणून नुसत्या CRN वरून काही सिद्ध होत नाही. CIN मात्र बँकेने पैसे घेतल्यावरच तयार होतो. पावतीवर CIN आहे म्हणजे बँकेने सरकारच्या वतीने पैसे स्वीकारले आहेत. त्याच्यासोबत तीन गोष्टी बघायच्या: BSR Code, म्हणजे बँकेच्या शाखेचा ७ अंकी नंबर, Challan No. म्हणजे ५ अंकी चलन क्रमांक, आणि पैसे भरल्याची तारीख. रिटर्नमध्ये हीच तिन्ही आणि रक्कम लागते. चलन क्रमांक 00417 असा शून्याने सुरू होत असेल तर ती शून्येही त्याचाच भाग आहेत, ती गाळू नका.

बँकेचा मेसेज आणि पासबुकातली नोंद हे तुमच्या खात्यातून पैसे बाहेर पडल्याचे पुरावे आहेत. ते कुठल्या वर्षात आणि कुठल्या प्रकाराखाली पडले हे त्यावरून कळत नाही.

पैसे कापले, पावती नाही

बँकेच्या पानावर ओटीपी टाकला, मेसेज आला आणि त्याच वेळी नेट गेले. किंवा पडदा परत आलाच नाही. अशा वेळी पहिला नियम: लगेच दुसरे चलन भरू नका. किमान अर्धा तास थांबा. मग लॉगिन करून e-Pay Tax मध्ये Payment History उघडा. बऱ्याचदा तिथे चलन यशस्वी दिसते आणि पावतीही मिळते.

तिथे नसेल तर Generated Challans बघा. तिथे ते चलन अजून न भरलेल्यात दिसत असेल, तर बँकेकडून पोर्टलला कळवले गेलेले नाही. आता बँकेचे स्टेटमेंट काढा. पैसे परत खात्यात आले असतील तर व्यवहार फसला, नवे चलन करा. परत आले नसतील तर एक-दोन दिवस वाट बघून बँकेकडे तक्रार नोंदवा. सोबत CRN, बँकेचा व्यवहार क्रमांक, तारीख आणि वेळ द्या. पैसे कुठे अडकले हे बँकेलाच दिसते, आयकर खात्याला नाही. मुदत त्याच रात्री संपत असेल तर मात्र हिशेब वेगळा. खात्यात पैसे असतील तर दुसरे चलन भरून टाका. पहिलेही नंतर जमा झाले तर दोन्ही चलने रिटर्नमध्ये दाखवायची आणि जादा रक्कम परताव्यात मागायची.

दुसरा पुरावा: आयकर खात्याच्या वहीत नोंद

आता मूळ प्रश्न. बँकेने घेतले, पण खात्याने तुमच्या नावावर चढवले का?

पूर्वी याचे उत्तर २६एएस मध्ये मिळायचे. अजूनही जुने लोक तेच सांगतात. पण कर निर्धारण वर्ष २०२३-२४ पासून ट्रेसेस या खात्याच्या टीडीएसच्या साइटवरच्या २६एएस मध्ये फक्त टीडीएस आणि टीसीएस दिसतो. स्वतः भरलेला कर तिथे येतच नाही. काकूंच्या २६एएस मध्ये बँकेने कापलेले १६,००० दिसतील, १५,७२० दिसणार नाहीत. याचा अर्थ पैसे बुडाले असा नाही. तुम्ही चुकीच्या कपाटात शोधताय, एवढेच.

बघायचे आहे AIS, म्हणजे वार्षिक माहिती विवरण. पोर्टलवर लॉगिन केले की मेनूत AIS आहे. Proceed दाबल्यावर वेगळे पान उघडते. तिथे वर्ष निवडताना काळजी घ्या. चलनावर कर निर्धारण वर्ष निवडले होते, इथे आर्थिक वर्ष विचारतात. काकूंनी चलनावर २०२५-२६ निवडले, पण AIS मध्ये २०२४-२५ उघडायचे. मग Payment of Taxes या कप्प्यात जा. तिथे प्रकार, रक्कम, BSR कोड, जमा तारीख आणि चलन क्रमांक अशी ओळ दिसली पाहिजे. पावती शेजारी धरा आणि एकेक आकडा ताडून बघा. तारीख आणि चलन क्रमांकासकट सगळे जुळले की पैसे सरकारी वहीत तुमच्या नावावर, योग्य वर्षात आणि योग्य प्रकारात चढले.

ही नोंद त्याच दिवशी येत नाही. काही कामकाजाचे दिवस जातात, मध्ये शनिवार-रविवार किंवा सण आले तर आणखी. पंधरवडा उलटूनही दिसत नसेल तर पावती घेऊन आधी बँकेकडे चौकशी करा. AIS ची पीडीएफ उतरवून घेतली तर ती पासवर्ड मागते. आधी पॅन छोट्या अक्षरांत, लगेच जोडून जन्मतारीख. म्हणजे असे:

```
abcde1234f15081962
```

AIS मध्ये नोंद यायच्या आधीही रिटर्न भरता येते, कारण पावतीवरचे आकडे पुरेसे असतात. पण घाई नसेल तर नोंद येऊ द्या. मग रिटर्नमध्ये चलनाची ओळ बहुधा आपोआप भरून येते आणि हाताने आकडे टाकताना होणारी चूक टळते. आपोआप आली असेल तर तीच ओळ हाताने पुन्हा घालू नका, नाहीतर एकच चलन दोनदा दिसते.

वर्ष किंवा प्रकार चुकला तर

समजा काकूंनी वर्ष २०२४-२५ निवडले आणि दोन दिवसांनी पावती वाचताना लक्षात आले. पोर्टलवर Services मध्ये Challan Correction आहे. तिथे वर्ष बदलायचे असेल तर पैसे भरल्यापासून ७ दिवसांत अर्ज करायचा. 100, 300, 400 यातला प्रकार बदलायचा असेल तर ३० दिवसांत. एका चलनाला ही सोय एकदाच मिळते आणि ते चलन कुठल्या रिटर्नमध्ये वापरले गेलेले नसावे लागते. म्हणून पावती भरल्याच्या दिवशीच शांतपणे वाचायची. सात दिवस कसे जातात कळत नाही.

मुदत उलटली की तुमच्या निर्धारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. कोल्हापुरात त्यासाठी ताराबाई पार्कातल्या आयकर भवनाची पायरी चढावी लागते. अर्जासोबत चलनाची पावती, पॅनची प्रत आणि काय होते, काय हवे आहे हे स्पष्ट लिहिलेले पत्र जोडा, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.

तरीही मागणी आली तर

रिटर्न तपासल्यावर खात्याकडून कलम १४३(१) खालची सूचना ईमेलवर येते. त्यात तुम्ही सांगितलेले आकडे एका बाजूला आणि खात्याने धरलेले दुसऱ्या बाजूला असतात. स्वतः भरलेल्या कराच्या ओळीत दोन्हीकडे १५,७२० असतील तर प्रश्नच नाही. खात्याच्या बाजूला शून्य असेल आणि खाली मागणी काढली असेल, तर आधी रिटर्नमध्ये टाकलेले BSR कोड, तारीख आणि चलन क्रमांक पावतीशी ताडून बघा. बऱ्याच वेळा एखादा अंक किंवा तारीख इकडेतिकडे झालेली असते.

अशी मागणी परत भरायची नसते. पोर्टलवर Pending Actions मध्ये Response to Outstanding Demand उघडा, मागणी मान्य नसल्याचे निवडा, चलन आधीच भरल्याचे कारण द्या, पावतीवरचे आकडे भरा आणि पावतीची पीडीएफ जोडा. प्रतिसाद पाठवल्यावर एक व्यवहार क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. आणि चूक रिटर्नमधल्या आकड्यातच असेल, तर नुसता प्रतिसाद देऊन थांबू नका. कलम १५४ खाली पोर्टलवरूनच दुरुस्तीचा अर्ज, म्हणजे Rectification, टाका आणि त्यात चलनाचा तपशील बरोबर करा.